एकच तक्ता, दोन आलेख

यावल तालुक्यात मी बारावीला अर्थशास्त्र शिकवतो. मागणीची लवचीकता, म्हणजे भाव एक टक्का बदलला की मागणी किती टक्के बदलते, ती शिकवायची होती आणि दिवस थंडीचे, म्हणून उदाहरण भरताच्या वांग्यांचंच घेतलं. गावात विकणारा एकच आहे असं धरलं. भाव १०० रुपये किलो झाला तर कुणीच घेणार नाही, आणि तिथून भाव दर १० रुपयांनी उतरला की मागणी २० किलोंनी वाढते. म्हणजे मागणी वक्र सरळ रेषा.

आलेख काढताना दोघा पोरांचं जुंपलं. आडव्या अक्षावर एकाने १ सेंटीमीटरला २० किलो धरले होते, दुसऱ्याने ४०. दुसऱ्याची रेषा उभट आली आणि तो ठासून सांगू लागला, "माझी मागणी कमी लवचीक आहे." तक्ता मात्र दोघांचा एकच!

मी पट्टी घ्यायला लावली. ८० रुपयांच्या बिंदूपासून रेषेचा खालचा भाग मोजा, वरचा मोजा, भागा. पहिल्याचं ११.३ आणि २.८ आलं, दुसऱ्याचं ८.९ आणि २.२. हा भागाकार म्हणजेच त्या बिंदूवरची लवचीकता, आणि तो दोघांचाही ४. मग २० रुपयांचा बिंदू घेतला, तर दोघांचाही पाव. रेषा उभी दिसते की आडवी, हे कागदावरच्या प्रमाणावर ठरतं. खालच्या-वरच्या भागांचं गुणोत्तर त्याने हलत नाही.

पण उतार सगळीकडे सारखा असताना लवचीकता बदलते कशी? ही खरी अडचण, आणि इथे घाई करू नये असं माझं मत आहे. ८० वरून ७० ला आलो तर भाव साडेबारा टक्के उतरला, मागणी मात्र ४० ची ६० झाली, म्हणजे ५० टक्के वाढली. २० वरून १० ला आलो तर भाव निम्म्यावर आला आणि मागणी १६० ची १८० झाली, फक्त साडेबारा टक्के वाढली. दहा रुपये तेच, वीस किलो तेच; ज्याच्याशी तुलना करायची तो पाया बदलला.

तेवढ्यात एक मुलगी उठली. तिच्या घरचे आठवडे बाजारात बसतात. "सर, ८० ला ३,२०० चा गल्ला, २० लाही ३,२००. मधे ५० ला ५,०००. मग ५० लाच विकावं ना?"

५० ला लवचीकता बरोबर १, म्हणून गल्ला तिथेच सर्वात जास्त. मी हो म्हणणार, तोच तिनेच पुढे विचारलं, "पण माल आपल्यालाच किलोमागे २० रुपयांना पडला असेल तर?"

फळ्यावर मांडलं. ५० ला १०० किलो, किलोमागे ३० सुटतात, नफा ३,०००. ६० ला ८० किलो, किलोमागे ४०, नफा ३,२००. ७० ला पुन्हा ३,०००. किलोमागे खर्च आहे तोवर एकट्या विक्रेत्याचा फायद्याचा भाव मध्यबिंदूच्या वरच, जिथे लवचीकता १ पेक्षा जास्त असते. पाठ्यक्रमात हे पुढे येतं. तिने ते त्याच तासाला काढून घेतलं.