सतरा चुका आणि बारा आठवडे

"ताई, जर्मनच्या बी१ परीक्षेला तीन महिने राहिलेत. रोज दोन तास मिळतात. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, चारही रोज अर्धा अर्धा तास करू का?"

नको. अर्ध्या तासात लिहायला बसलात की मजकूर सुचेपर्यंत वेळ संपतो. ऐकण्याचा एक भाग नीट ऐकून तपासायचा तर पाऊण तास सहज जातो. शिवाय चारही बाजू सारख्या कच्च्या असतात असं मी नौपाड्यातल्या माझ्या वर्गात अजून पाहिलेलं नाही.

गटे इन्स्टिट्यूटच्या बी१मध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण ही चार वेगळी मोड्यूल आहेत. प्रत्येकाला १०० गुण असतात आणि प्रत्येकात स्वतंत्रपणे ६० मिळवावे लागतात. वाचनात ९० पडले म्हणून श्रवणातले ५० भरून निघत नाहीत. दुसऱ्या बाजूने, राहिलेलं मोड्यूल तेवढंच पुन्हा देता येतं. म्हणून आधी आपण कुठे उभे आहोत ते बघा आणि मग तास वाटा.

ऐरोलीचा एक मुलगा माझ्याकडे असाच आला होता. बारावी झालेली, जर्मनीत आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे व्यवसाय-प्रशिक्षणासाठी, जायचं होतं. पहिल्याच रविवारी मी त्याला इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावरचा सराव संच घड्याळ लावून सोडवायला सांगितला. वाचनाला ६५ मिनिटं, श्रवणाला ४०, लेखनाला ६०. मध्ये फोन नाही, शब्दकोश नाही, ऑडिओ मागे नेणं नाही. वाचनात ३०पैकी २३ आले. श्रवणात १३. पास व्हायला १८ लागतात. तो म्हणाला, "ताई, शब्दसंग्रह कमी पडतोय, रोज ५० शब्द पाठ करतो."

मी त्याला थांबवलं. संचाच्या शेवटी ऐकवलेल्या मजकुराची संहिता असते. ती समोर ठेवून आम्ही त्याच्या १७ चुका एकेक करून पाहिल्या. खरोखर शब्द माहीत नव्हता म्हणून चुकलेली उत्तरं फक्त चार. चार ठिकाणी आकडा किंवा वेळ चुकली होती. दोनदा तो मागच्याच प्रश्नावर अडकून राहिला आणि पुढचं निसटलं. उरलेल्या सात ठिकाणी त्याला सगळे शब्द कळले होते, तरी उत्तर चूक! कारण बोलणारा आधी एक सांगतो आणि लगेच ते फिरवतो. 'गाडी आज पाच नंबरवरून नाही, तर आठवरून सुटेल.' पाच ऐकलं की याची पेन्सिल पाचवर खूण करून मोकळी. जर्मनमध्ये 'नाही, तर'मधल्या त्या 'तर'ला 'झोन्डर्न' म्हणतात. तसाच 'आयगंटलिश', म्हणजे 'खरं तर', हा शब्द. 'मला आयगंटलिश डॉक्टर व्हायचं होतं' असं कोणी म्हणालं, की पुढे बहुतेक वेळा 'पण' येतोच.

आकड्यांची गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण तिथे आपली मराठीच कामाला येते. ४५ला जर्मन 'फ्युन्फउंडफिर्त्सिश' म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग चाळीस. मुलं ते इंग्रजीतल्या फोर्टी-फाइव्हवरून उलटं करायला जातात आणि अडखळतात. अरे, आपण पंचेचाळीस म्हणतो ना? आपल्याकडेही पाच आधीच येतो. मी त्याला इंग्रजी बाजूला ठेवायला लावलं आणि आठवड्यात आकडे बसले. वेळ सांगताना मात्र मराठी फसवते. 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेआठ नाही, साडेसात: आठ वाजायला अर्धा तास आहे. ते त्याला रोज दहादा मोठ्याने म्हणायला लावलं.

मग आठवड्याचे १४ तास असे वाटले: श्रवण पाच, लेखन चार, संभाषण तीन, वाचन दोन. श्रवणाच्या दिवशी मिनिटभराचा एकच तुकडा घ्यायचा. एकदा ऐकून उत्तर लिहायचं. दुसऱ्यांदा ऐकून ज्या वाक्यावर उत्तर ठरलं ते वाक्य जसं ऐकू आलं तसं वहीत उतरवायचं. मगच संहिता उघडायची आणि बोलणारा जिथे फिरला त्या शब्दाखाली रेघ ओढायची. रविवारच्या सरावात मात्र परीक्षेचा नियम: पहिला आणि चौथा भाग दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. तिसऱ्या आठवड्यात दुसरा संच दिला तेव्हा १७ आले, सातव्यात तिसरा दिला तेव्हा २१. संच मोजकेच मिळतात, म्हणून दर रविवारी नवा फोडू नका. दोन संचांमध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या.

लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकलं तर चालेल का, असं सगळेच विचारतात. ठाणे-वाशी गाडीत दाराशी उभं राहून नवा तुकडा ऐकलात तर काय चुकलं आणि काय नुसतं ऐकूच आलं नाही, हे वेगळं करता येत नाही. घरी सोडवून झालेले तुकडे प्रवासात पुन्हा ऐका. वाचनाचे दोन तास त्याने असेच गाडीत काढले, कारण त्याचं वाचन मुळात बरं होतं.

लेखनात तीन कामं असतात: मित्राला साधारण ८० शब्दांचं पत्र, एका विषयावर ८० शब्दांत मत आणि शेवटी ४० शब्दांचं औपचारिक पत्र. त्याचं व्याकरण वाईट नव्हतं. 'कारण मी आजारी आहे' हे जर्मनमध्येही 'वाइल इश क्रांक बिन' असंच, क्रियापद शेवटी, त्यामुळे ते त्याला आपोआप जमायचं. गुण जात होते दुसरीकडे. पत्रात तीन मुद्दे मागतात: समजा, नवं घर कसं आहे, जुनं का सोडलं, आणि भेटायला कधी येतोस. याने घराचंच वर्णन शंभर शब्द केलं आणि भेटीचं विसरला. औपचारिक पत्रात 'झी' लिहायच्या जागी 'डू', म्हणजे अहो-जाहोच्या जागी अरे-तुरे. म्हणून नेम केला: लिहिण्याआधी तिन्ही मुद्द्यांना आकडे द्यायचे आणि लिहून झालं की प्रत्येक आकडा वाक्यावर टाकायचा. रविवारी तपासलेलं पत्र बुधवारी, दुरुस्त्या न बघता, पुन्हा लिहायचं. त्याच चुका परत आल्या तर ती गोष्ट अजून शिकायचीच आहे, असं समजायचं.

संभाषण एकट्याने करून भागत नाही. तिथे बहुतेक दोन उमेदवार समोरासमोर बसतात आणि पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. मी त्याची जोडी कळव्याच्या एका मुलीशी लावली, वर्गमैत्रिणीच्या निरोप समारंभाचा विषय दिला आणि फोनवर रेकॉर्ड केलं. ती म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी ठेवूया?" त्यावर हा म्हणाला, "केक मी आणतो." आधीच्या तयारीच्या १५ मिनिटांत त्याने केकचं वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं, म्हणून त्याला शनिवार ऐकूच गेला नाही. रेकॉर्डिंग ऐकल्यावर तो स्वतःच म्हणाला, "ही माझी पाच नंबरची गाडी झाली, ताई." त्यानंतर कागदावर नुसते शब्द लिहायचे, वाक्यं नाहीत, आणि समोरच्याच्या बोलण्यातला एक शब्द आपल्या उत्तरात आलाच पाहिजे, असं ठरलं. दहाव्या आठवड्यात तीच मुलगी पुन्हा शनिवार म्हणाली. तो म्हणाला, "शनिवारी मला काम आहे, रविवारी सकाळी जमेल तुला?"