पाचवीचा अपूर्णांकाचा तास आणि माझे खोडलेले मार्क

सीआरपी म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांत जाऊन शिक्षकांचे तास बघणारा म्हणून, पहिलंच वर्ष होतं माझं. त्याआधी चौदा वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलंय, त्यामुळं दुसऱ्याचा पाठ बघायचा म्हणजे काय मोठं, मागच्या बाकावर बसायचं आणि फॉर्म भरायचा, असंच वाटत होतं. फॉर्मात तीन भाग. पूर्वतयारी, सादरीकरण आणि मुलांचा सहभाग. प्रत्येकाला 1 ते 4 मार्क आणि खाली शेऱ्याला दोन ओळी.

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली जंगलाकडची एक छोटी शाळा, जुलै महिना, पाऊस असा की पत्र्यावरच्या आवाजात बाईंचं निम्मं बोलणं ऐकू येईना. चौथी-पाचवी एकाच खोलीत, चौथीला बाईंनी लेखन देऊन एका बाजूला बसवलेलं. पाचवीची हजर पोरं 21. पाठ होता अपूर्णांकांची तुलना, 1/3 मोठा की 1/4.

तास 40 मिनिटांचा. बाईंनी सुरुवात झकास केली, एक भाकरी तीन जणांत वाटली तर जास्त येणार की चार जणांत? सगळी पोरं एका सुरात, "तिघांत बाईऽऽ". मग वहीच्या कागदाच्या पट्ट्या फाडायला लावल्या, घड्या घालून एकीचे तीन सारखे भाग, दुसरीचे चार. पोरं कामाला लागली, आवाज चांगला, हात वर. मी पंधराव्या मिनिटालाच पेन्सिलीनं मार्क टाकून मोकळा, तयारी 3, सादरीकरण 3, सहभाग 4. आता कळतंय की पहिली चूक हीच, मार्क आधी टाकला की पुढचं सगळं त्या मार्काला जुळेल असंच दिसायला लागतं.

माझं नशीब म्हणा, डाएट या शिक्षक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रेनिंगमध्ये एका सरांनी सांगितलेलं ते हाताला चाळा म्हणून करत होतो. कोऱ्या कागदावर बाकांचा नकाशा काढायचा, प्रत्येक पोराचा एक चौकोन, आणि बाईंनी ज्याला नाव घेऊन प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक रेघ. एका सुरातलं उत्तर मोजायचं नाही. शेजारच्या पोरानं बघून विचारलं पण, "काय लिहूलासा सर?"

विसाव्या मिनिटाच्या आसपास बाईंनी विचारलं, आता पट्ट्या बघून सांगा, कुठला भाग मोठा? परत तोच सूर, एक तृतीयांश. पण खिडकीकडच्या कोपऱ्यातली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई माझा चौथा भाग मोठा आहे." बाई म्हणाल्या, "चुकलं, नीट बघ, बस खाली." आणि तास पुढं. मी पण मनात म्हटलं, हिला कळलेलं नाही, चार हा आकडा तीनपेक्षा मोठा म्हणून 1/4 मोठा, ही तर पोरांची ठरलेली चूक.

पोरं फळ्यावरचं उतरवून घ्यायला लागली तेव्हा सहज तिच्या बाकाजवळ गेलो. पट्ट्या अजून तिथंच. एक पट्टी मोठ्या वहीतून लांबीनं फाडलेली, दुसरी लहान वहीतली. फूटपट्टीनं मोजलं तर पहिली 28 सेंमी, तिचा चौथा भाग 7 सेंमी. दुसरी 18, तिचा तिसरा भाग 6. म्हणजे पोरगी जे बघत होती तेच सांगत होती की! दोन अपूर्णांकांची तुलना करायची तर दोन्हीकडचं पूर्ण सारखं पाहिजे, ही या पाठातली मुख्य गोष्ट, आणि ती वर्गात एकटीच्याच हातात सापडलेली.

आता हे फॉर्मात घालायचं कुठं? नंतर तासभर यावरच डोकं खपवलं. आधी वाटलं तिन्हीकडं मार्क कमी करावेत, पण मग एकाच चुकीचा दंड तीन वेळा झाला. शेवटी कारण बघून वाटणी केली. सारख्या मापाच्या पट्ट्या आधी कापून आणल्या नव्हत्या आणि टाचणात उद्दिष्ट नुसतं "अपूर्णांकांची तुलना शिकवणे" असं लिहिलेलं, म्हणजे पोराला तासाच्या शेवटी काय आलं पाहिजे ते कुठंच नाही, हे तयारीत गेलं. मुलीला "दाखव बघू, कसं काय?" एवढं विचारलं नाही, हे सादरीकरणात. आणि सहभागात ती मुलगी कमीपणाची नव्हेच, उलट त्या तासाला खरा विचार करणारी तीच.

सहभाग मात्र नकाशानं खाली आणला. नाव घेऊन विचारलेले प्रश्न 27, त्यातले 19 पुढच्या दोन बाकांवरच्या 5 जणांना, उरलेले 8 प्रश्न 6 जणांत, आणि 10 चौकोन कोरे. हात वर आणि आवाज मोठा म्हणून मी 4 टाकलेले. पण पट्टीचं काम सगळ्यांनी केलं होतं, ते पण खरं, म्हणून 1 न टाकता 2 टाकले.

त्या तासाची शेवटची पाच मिनिटं बाईंना विचारून मागून घेतली होती. एक कागद, एकच प्रश्न, 1/5, 1/3, 1/8 लहानापासून मोठ्याकडं लावा. दोनच अपूर्णांक दिले असते तर डोळे झाकून पण निम्म्यांचं बरोबर आलं असतं, म्हणून तीन. 8 जणांचं बरोबर. 11 जणांनी 1/3, 1/5, 1/8 लावलं, म्हणजे खालचा आकडा बघून. दोघांचं वेगळंच काहीतरी. भाकरीच्या वेळी "तिघांत" म्हणून ओरडणाऱ्यातलीच ही 11 पोरं, भाकरीवरून अपूर्णांकापर्यंत ती पोचलीच नव्हती.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर बाईंशी बसलो. आधी मार्क दाखवायचे नाहीत एवढं शहाणपण आलेलं. विचारलं, कसा वाटला तास? "बरा झाला की सर, पोरं बोलली." मी काही न बोलता नकाशा पुढं ठेवला. त्यांनी कोरे चौकोन मोजले, नावं घेत घेत, आणि एकापाशी थांबून म्हणाल्या, "ह्याच्या घरात कन्नड बोलतात, हा गणितात हुशार आहे, पण मराठीत उत्तर द्यायला लाजतो." मग त्या दोन पट्ट्या ठेवल्या. बाईंनी एकमेकीवर लावून बघितल्या आणि बराच वेळ गप्प. मग जरा चिडूनच म्हणाल्या, "चौथीकडं पण बघायचं असतंय सर, तुमच्या फॉर्मात त्याला कुठं रकाना आहे?"

नाहीच. दोन वर्ग एका खोलीत आहेत हे लिहायला जागाच नाही. शेऱ्याच्या दोन ओळींत तेच लिहिलं आणि नकाशा मागं टाचून दिला. वरच्या ऑफिसातून फॉर्म परत आला, जादा कागद काढून एकाच पानात द्या म्हणून. काढला, काय करणार. मार्क शेवटी 2, 3, 2 गेले. सादरीकरणाचे 3 मी ठेवले, कारण भाकरीचं उदाहरण आणि पट्टीचं काम खरंच चांगलं होतं. तरी "बस खाली" आठवलं की ते तीन जरा जास्तच दिले असं अजून वाटतं.

बारा दिवसांनी परत गेलो, फॉर्म न घेता. बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या, सगळ्या 24 सेंमीच्या, म्हणजे तीन, चार, सहा, आठ कशानं पण बरोबर भाग जातो. त्यात मुद्दाम दोनच पट्ट्या 16 च्या मिसळल्या आणि त्या कोपऱ्यातल्या मुलीला उभं करून म्हणाल्या, "तू त्या दिवशी काय म्हणालीस ते आता सगळ्यांना करून दाखव." कन्नडवाल्या पोराला तिच्या जोडीला दिलेलं, पट्टी धरायला. तो बोलला नाही काही, पण 16 ची पट्टी हातात आल्या आल्या 24 च्या पट्टीला लावली आणि मान हलवून बाजूला ठेवली.