आमची वाटचाल : उणे चिन्ह सांभाळणारं दुकान

आमचं ऑफिस पुण्यात, कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, आणि काम एकच, ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे पेपर इंग्रजीतून चिनीत नेणं. सुरुवात २०१० च्या आसपास मी आणि मॅडम अशी दोघांनी केली. मी एमएस्सी ऑरगॅनिक, आधी कंपनीत आर अँड डी ला होतो, मॅडम चिनी भाषेच्या, शांघायला राहून आलेल्या, आणि केमिस्ट्री त्यांनी माझ्या समोर बसून शिकून घेतली, ती अशी की आज रिअ‍ॅक्शन वाचून साइड प्रॉडक्ट सांगतात. इथल्या कंपन्यांची इंटरमीडिएट चीनमधून येतात हे तुम्हाला माहीतच आहे, तर रूट आपल्या लॅबचा, पेपर आपला, आणि माल करणारा तिकडचा प्लांट, अशी कामं आमच्याकडे येतात. अट पहिल्यापासून एकच, नाव, कंडिशन आणि चिन्ह यात काडीचाही बदल नाही. वाक्य चिनी झालं पाहिजे, आकडा तोच राहिला पाहिजे.

ही अट वाटते तेवढी सोपी नाही. साधं उदाहरण घ्या, अमोनिया, अमाइन आणि अमोनियम. चिनीत तीन अक्षरं आहेत, 氨, 胺, 铵. तिन्हींचा उच्चार "आन", फक्त सूर वेगळा, आणि कीबोर्डवर an टाइप केलं की तिन्ही एकाच यादीत शेजारी शेजारी येतात. अक्षरात बघितलं तर फरक स्पष्ट आहे, पहिल्यात गॅसची खूण, दुसऱ्यात सेंद्रिय पदार्थाला लावतात ती मांसाची खूण, तिसऱ्यात धातूची खूण कारण अमोनियम क्षारात धातूच्या जागी बसतो. आता एलडीए नावाचा स्ट्राँग बेस करायचा पेपर आहे, त्यात ब्युटिल लिथियम घालायचं ते डायआयसोप्रोपिल अमाइन 二异丙胺 आणि शेवटी क्वेंच करायला अमोनियम क्लोराइड 氯化铵. टाइप करणाऱ्याने पहिल्या ठिकाणी घाईत 铵 निवडलं तर अमाइनचा क्षार झाला, आणि क्षारातला प्रोटॉन ब्युटिल लिथियम खाऊन टाकतो. स्पेलचेक याला काही म्हणणार नाही कारण अक्षर खरंच आहे. म्हणून मॅडमनी पहिल्याच वर्षी नियम केला, या तीन अक्षरांची प्रत्येक जागा शेवटी सर्च करून एकेक बघायची, मग कितीही उशीर होवो.

महाडचे सर आमच्याकडे आले ते पण अशाच एका शब्दामुळे. त्यांचा छोटा प्लांट आहे, आणि त्यांनी दुसरीकडून करून घेतलेलं भाषांतर घेऊन आले होते, म्हणाले जरा बघा, तिकडचे लोक खरेदीला वेगळाच माल मागतायत. मूळ पेपरमध्ये ब्युटिल लिथियम "हेक्सेन्स" मध्ये, म्हणजे अनेकवचनी, सहा कार्बनच्या आयसोमरांचं मिश्रण. चिनीत लिहिलं होतं 正己烷, म्हणजे नॉर्मल हेक्सेन. का झालं ते बघताक्षणी कळतं, त्याच ओळीत 正丁基锂 आहे, त्यातलं 正 म्हणजे नॉर्मल, आणि हात तसाच पुढच्या शब्दावरही चालला. बाटलीवर दोन्ही प्रकार मिळतात, खरेदीवाला नाव बघून ऑर्डर टाकतो, आणि नॉर्मल हेक्सेनची विषबाधा नसांवर जाते म्हणून त्याच्या रेसिड्यूचा हिशोब औषध कंपनीला ठेवावा लागतो. आम्ही तिथे "己烷异构体混合物" असं आयसोमरांचं मिश्रण म्हणून स्पष्ट लिहिलं. सरांनी तेव्हापासून दुसरीकडे कागद नेलाच नाही. भाव पाडून मागितला नाही, उशिरा पैसे दिले नाहीत, आणि आमच्या वाईट काळात दोन पेपर आधीच आगाऊ देऊन गेले. असा एक माणूस असला की धंदा तरतो.

तो वाईट काळ आता सांगतो, कारण अजून मनात खदखदतं.

मुंबईतल्या एका एजन्सीमार्फत मोठं काम आलं होतं, एका औषध कंपनीचा पेपर, सपोर्टिंग इन्फॉर्मेशनसकट. एजन्सी मधली, कंपनीशी बोलणं त्यांचं, आम्ही फक्त मजकूर द्यायचा. त्यातली मुख्य स्टेप अशी, अमाइन टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये घ्यायचं, −78 °C ला ब्युटिल लिथियम पंधरा मिनिटांत थेंब थेंब सोडायचं, मग 0 °C ला अर्धा तास, मग परत −78 °C आणि एस्टर. आमची ओळ अशी गेली होती:

−78 ℃下，向二异丙胺的四氢呋喃溶液中滴加正丁基锂（2.5 M 己烷异构体混合物溶液）

यात M सुद्धा आम्ही तसाच ठेवलाय, चीनमध्ये एककांच्या मानकाप्रमाणे mol/L लिहितात पण पेपर M म्हणतो आणि अट न बदलायची आहे. फाइल दिली, पीडीएफ दिली, काम संपलं. आणि काही आठवड्यांनी एजन्सीचा फोन, आवाज चढलेला, चिनी प्लांटच्या केमिस्टने विचारलंय की 78 ℃ ला टीएचएफ कसं, तुम्ही उणे गाळलंत.

त्या केमिस्टचं मी मनापासून कौतुक करतो. टीएचएफ ६६ अंशालाच उकळतं, त्यामुळे उघड्या फ्लास्कमध्ये ७८ अंश होणारच नाही, आणि त्याच्या खूप आधी ब्युटिल लिथियम टीएचएफलाच फोडायला लागतं, इथिलीन निघतं. शिवाय ७८ हा आकडा ड्राय आइस आणि अ‍ॅसिटोनच्या बाथचा, ज्याने एकदा तरी ते केलंय त्याला तो उणे असल्याशिवाय दिसतच नाही. त्याने काम थांबवून विचारलं म्हणून पुढचं सगळं टळलं.

पण खापर आमच्यावर फुटलं. आम्ही आमची पीडीएफ उघडली, उणे जागेवर. मग त्यांच्याकडून प्लांटला गेलेली फाइल मागवली, ती द्यायला पण टाळाटाळ, शेवटी महाडच्या सरांच्या ओळखीने मिळाली. ती बघितली आणि पाच मिनिटांत उलगडलं. त्या फाइलमध्ये एकच उणे नव्हतं असं नाही, अख्ख्या फाइलमधली सगळी उणे गेली होती, बाथची, फ्रीजरची, ऑप्टिकल रोटेशनची, झाडून सगळी. पण नावातल्या हायफन सगळ्या शाबूत. माणूस गाळतो तेव्हा एखाद दुसरं गाळतो, असा एकजात एकच कॅरॅक्टर गाळत नाही, ते काम मशीनचं. खरं उणे चिन्ह U+2212, कीबोर्डवरची हायफन U+002D, डोळ्याला जवळजवळ सारखी पण वेगळी. चीनमधलं जुनं एन्कोडिंग जीबीके, त्यात U+2212 ला जागाच नाही, तिथे फाइल सेव्ह केली की त्या जागी प्रश्नचिन्ह येतं. एजन्सीच्या लेआउटवाल्याने टेक्स्ट जीबीकेत काढलं, "?78 ℃" असं दिसलं, त्याला तो कचरा वाटला आणि त्याने सगळी प्रश्नचिन्हं रिप्लेस करून उडवली. हेइती फॉन्टच्या जुन्या फाइलमध्येही हे चिन्ह नाही, तिथे रिकामा चौकोन येतो, तोही असाच उडवला जातो.

मी हे सगळं स्क्रीनशॉटसकट लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. बिल अडकलं ते अडकलंच, आणि त्याच एजन्सीने पुढची कामं शब्दामागे आमच्यापेक्षा स्वस्त असलेल्या दुसऱ्या दुकानाला दिली. त्या दुकानाने तर आपल्या जाहिरातीत "शून्य चूक" लिहिलं आणि आमच्या गोष्टीचा दाखला मिटिंगांमध्ये दिला असं ऐकलं. आमची दोन माणसं त्या काळात सोडून गेली, भाडं थकलं, मॅडमनी स्वतःच्या एफडीतून पगार केले आणि एक शब्द बोलल्या नाहीत. कंपनीला आमची बाजू कुणी सांगितलीच नाही, हे मला आजही सलतं.

त्यानंतर आमची चेकिंग बदलली. आता काम देताना आणि परत आलेली शेवटची फाइल, दोन्हींवर पायथॉनची एक छोटी ओळ चालवतो, ती मजकुरातले सगळे आकडे उण्यासकट काढून देते:

```
re.findall(r'−?[0-9]+(?:\.[0-9]+)?', text)
```

यात सुरुवातीचं ते खरं उणे आहे, हायफन नाही, म्हणजे 2-ब्रोमो सारख्या नावातल्या हायफन मोजल्या जात नाहीत. आणि मुद्दाम [0-9] लिहिलंय, \d नाही, कारण पायथॉनचा \d चिनी कीबोर्डवरचे रुंद आकडे ７８ पण आकडेच धरतो, ते रुंद आकडे नावात घुसले तर आम्हाला दिसायला हवेत. मूळ आणि चिनी, दोन्हीकडचे आकडे प्रकारवार मोजून ताडायचे, क्रम सोडून, कारण चिनी वाक्यात कंडिशन आधी येते. एका बाजूला −78 दोनदा आणि दुसऱ्या बाजूला 78 दोनदा दिसलं की लगेच कळतं.

पण हे मशीन एक गोष्ट पकडत नाही, अदलाबदल. −78 °C ला सोडा आणि 0 °C ला ढवळा याऐवजी 0 °C ला सोडा आणि −78 °C ला ढवळा झालं तर मोजणी बरोबरच येणार, आकडे तेच. त्यासाठी दोन माणसं लागतात, एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, कृती, आकडा, एकक अशा तुकड्यांनी, आणि दुसऱ्याने चिनी प्रतीवर पेन्सिलने खूण करायची. मॅडम वाचतात, मी खूण करतो. नवीन मुलांना हे जुनाट वाटतं, मी त्यांना सांगतो की आधी महिनाभर खूण करा मग बोला.

आणि ज्यांना पेपर चिनीत पाठवायचाय त्यांना सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. चीनमध्ये सेंद्रिय नावांचे नियम १९८० चे होते, २०१७ ला बदलले. जुन्यात 2-丁烯, नव्यात 丁-2-烯. जुन्यात 2-甲基-3-乙基己烷, नव्यात इंग्रजी अक्षरक्रमाप्रमाणे 3-乙基-2-甲基己烷. पदार्थ तोच, पण प्लांटमधल्या जुन्या माणसाला नवं नाव अनोळखी, तरुणाला जुनं. तेव्हा कोणता नियम ते कामाच्या आधी ठरवा आणि पूर्ण पेपरभर एकच पाळा, अर्धा हा अर्धा तो नको. नावाशेजारी सीएएस नंबर द्या, ब्युटिल लिथियमचा 109-72-8, तो दोन्ही पिढ्यांना सारखाच. आणि नावातला स्वल्पविराम चिनी रुंद "，" होऊ देऊ नका, N,N- मधला तो इंग्रजीच राहिला पाहिजे, नाहीतर शोधात नाव सापडत नाही.

फाइल नेहमी यूटीएफ-८ मध्येच द्या आणि सोबत पीडीएफ लावा, आम्ही तर बिलावरच लिहितो, पीडीएफशी जुळत नसलेल्या फाइलची जबाबदारी आमची नाही. आता आमच्याकडे मधली एजन्सी नाही, थेट कंपनीशीच बोलतो. महाडच्या सरांच्या मुलाने प्लांट हातात घेतलाय, त्याचा सायनेशनचा पेपर या आठवड्यात टेबलावर आहे, त्यात रूम टेम्परेचरच्या जागी 室温 आणि दोन ठिकाणी −20 °C, मॅडम उद्या सकाळी वाचणार आहेत.