सव्वातीनला आई आली, मूल नव्हतं

मी मेलबर्नमधल्या एका किंडरमध्ये चार वर्षांच्या मुलांच्या वर्गाची मुख्य शिक्षिका आहे. गेल्या वर्षी एका दुपारी आमच्या हातून एक मूल भलत्याच व्यक्तीबरोबर घरी गेलं आणि त्याचा रिपोर्ट मला लिहावा लागला.

पिकअपची वेळ तीन ते साडेतीन. वर्गात बावीस मुलं आणि आम्ही दोघी, कारण इथे या वयाला अकरा मुलांमागे एक शिक्षक लागतो. माझी नेहमीची सहकारी आजारी होती, म्हणून एजन्सीतून बदली शिक्षिका आली होती. तीन वाजून पाच मिनिटांनी एका मुलाची पँट ओली झाली. त्याला घेऊन मी बाथरूममध्ये गेले आणि दार तिच्यावर सोपवलं.

सव्वातीनला एका मुलाची आई आली. दप्तराच्या खुंटीवर काहीच नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. बदली शिक्षिका म्हणाली, "तो गेला की, मित्राच्या आईबरोबर. तो स्वतःच धावत तिच्याकडे गेला." मी त्या दुसऱ्या आईला फोन लावला. दोन्ही मुलं समोरच्या बागेत घसरगुंडीवर होती. तिने आदल्या दिवशी "उद्या तुझ्या लेकाला मी घेऊन जाऊ का?" असा मेसेज टाकला होता आणि उत्तर न येताच होकार धरला होता. तीन एकतीसला मूल परत आलं. नंतर नोंदीवरून हिशेब लागला: तेवीस मिनिटं ते आमच्याकडेही नव्हतं आणि घरच्यांकडेही नव्हतं.

माझा पहिला विचार खरं सांगते: मूल सुखरूप आहे, आई माझ्यावर ओरडून झाली आहे, आता वरिष्ठांना तोंडी सांगितलं की झालं. पण इथल्या राष्ट्रीय नियमांत नियम ९९ आहे. मूल फक्त पालकांच्या, फॉर्ममध्ये नाव दिलेल्या व्यक्तीच्या, किंवा त्यांच्यापैकी कुणी परवानगी दिलेल्या व्यक्तीच्या ताब्यात द्यायचं. हा नियम मोडून मूल आवाराबाहेर गेलं, तर ती 'गंभीर घटना' ठरते. इजा झाली की नाही हा प्रश्नच नाही. घटना कळल्यापासून चोवीस तासांत सरकारी नियामकाला कळवावं लागतं. आमच्या संचालिकेने NQA ITS या पोर्टलवर SI01 फॉर्म उघडला आणि काय घडलं ते लिहायला मला खुर्चीत बसवलं.

माझा पहिला मसुदा तिने परत दिला. "गैरसमजातून", "नेहमीच्या ओळखीमुळे", "धावपळीच्या वेळी" असे शब्द होते. ती म्हणाली, "ही सगळी तुझी बाजू आहे. घड्याळ लिही." मग मी मिनिटामिनिटाने लिहायला लागले आणि तिथेच अडकले. मूल गेलं किती वाजता? टॅब्लेटवर साइन-आउट तीन आठचं होतं, आणि सहीच्या जागी बदली शिक्षिकेचं नाव.

हे मी बराच वेळ बघत बसले. नियमाप्रमाणे मूल जाताना नेणाऱ्याची सही हवी, पण शिक्षिकेनेही केली तर चालते. दुसऱ्या आईने स्वतःच्या मुलाची नोंद केली. आमच्या मुलासाठी तिच्याकडे कोड असणं शक्यच नव्हतं, म्हणून टॅब्लेटने तिला अडवलं. बदली शिक्षिकेने मदत म्हणून स्वतः सही केली. म्हणजे यंत्राने आपलं काम चोख केलं होतं आणि आम्ही त्याला वळसा घातला. शिवाय चौकट भरलेली असल्यामुळे ते रेकॉर्ड कुणाला निर्दोष वाटलं असतं. किती वाजता गेला ते त्यात होतं, कुणाबरोबर ते नव्हतं. मी रिपोर्टमध्ये हेच मधोमध घातलं. बदली शिक्षिकेला परवानगीची यादी दाखवली नव्हती, हेही लिहिलं. यादी ऑफिसच्या कपाटात होती आणि ती दाखवणं माझं काम होतं. ते वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

आईला तिच्या मुलाच्या घटनेची नोंद दाखवून सही घेतली. ही नोंद मूल पंचवीस वर्षांचं होईपर्यंत जपून ठेवावी लागते. नियामकाकडून फोन आला. त्यांनी प्रवेशाचा फॉर्म, त्या दिवसाची हजेरी, ड्यूटीचा तक्ता आणि मुलं सोपवण्याचं धोरण मागितलं. माझं मत विचारलं नाही, ते बरंच झालं.

आता यादी फोटोंसकट दाराशी फोल्डरमध्ये असते, आणि शिक्षिकेने सही केली तर बाजूला नेणाऱ्याचं नाव लिहायचं. अनोळखी चेहरा असेल तर फोटो असलेलं ओळखपत्र मागायचं.

दोन आठवड्यांनी भारतातून आलेल्या एक आजी नातीला न्यायला आल्या. रोज सकाळी सुनेबरोबर यायच्या, माझ्याशी मराठीत गप्पा मारायच्या. यादीत नाव नव्हतं.

"अगं, मी तिची आजी. रोज तर बघतेस मला!"

"आजी, बसा जरा. तुमच्या मुलाला फोन करते."

तो मीटिंगमध्ये होता. आजी बारा मिनिटं बाकावर बसल्या होत्या, तोंड फिरवून, मांडीवर पासपोर्ट.