‘नंबर’ एकांकिका: 46 मिनिटं 20 सेकंदांवरून 35 मिनिटं 50 सेकंदांपर्यंत

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा आमच्या हातात फक्त संहिता होती. आज अठरा तालमी झाल्यात आणि प्राथमिक फेरीला नऊ दिवस उरलेत. या मधल्या काळात सगळा जीव घड्याळात अडकला होता, म्हणून आज तेवढंच लिहितो.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. माण तालुक्यातल्या एका वस्तीवर रात्री पाण्याचा टँकर यायचाय. माणसं घरात झोपलीत, रांगेत त्यांचे हंडे उभे आहेत. हंडा जिथे, तिथे त्या घराचा नंबर. पहाटेपर्यंत त्या रांगेत काय काय होतं, ती आमची एकांकिका. नेपथ्य म्हणजे अकरा हंडे, बाकी काहीच नाही. स्पर्धेचा नियम असा, की तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत 40 मिनिटं. एक सेकंद जास्त झाला तरी संघ बाद.

पहिल्या वाचनाला 31 मिनिटं लागली तेव्हा आम्ही निवांत होतो. ब्लॉकिंग झाल्यावर पहिला सलग रन लावला आणि तो 46:20 ला संपला. वाचनाच्या वेळेवर विसंबून राहणाऱ्या सगळ्यांना हे सांगायचंय. वाचनात कुणी विंगेतून चालत येत नाही, हंडा उचलत नाही, अंधारात जागा शोधत नाही.

पहिली सूचना सगळ्यांकडून आली ती ‘स्पीड वाढवा’. दोन दिवस तसं केलं. साडेतीन मिनिटं वाचली, पण म्हातारीचं पात्र तरुण वाटायला लागलं आणि वाक्यांची शेवटची अक्षरं मागच्या रांगेत पोचेनात. मग ते सोडून दिलं आणि एका संध्याकाळी रनचं मोबाईलवर केलेलं शूटिंग लावून, वही घेऊन बसलो. कुणी बोलत नाही आणि काही घडतही नाही, असे सगळे सेकंद मोजले.

सगळ्यात मोठी गळती ब्लॅकआऊटमध्ये होती. संहितेत नऊ ब्लॅकआऊट होते. दिवे जाणार, अंधारात हंडे हलवणार, माणसं जागेवर येणार, दिवे येणार, मग पहिलं वाक्य. एकाला सरासरी 22 सेकंद लागत होते. नऊ वेळा म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या वर प्रेक्षक नुसता काळोख बघत बसणार. आता दोनच ठेवलेत. बाकी सात ठिकाणी पात्रंच पुढचं वाक्य बोलत बोलत हंडे हलवतात. रांग वळवली की विहिरीचा काठ होतो, एकावर एक ठेवले की भिंत. दुसरी गळती एन्ट्रीची. विंगेतून मध्यापर्यंत यायला पाच सेकंद लागतात आणि आमच्याकडे तीसेक एन्ट्री होत्या. आता सगळे कलाकार सुरुवातीपासून रंगमंचाच्या दोन्ही कडांना पाठमोरे बसलेले असतात. वळले की आले. दोन्ही मिळून साडेचार मिनिटं हाती लागली.

तरीही पुरेना. मग सरपंचाचा प्रवेश काढावा लागला, चार मिनिटं दहा सेकंदांचा. लेखक आमचाच वर्गमित्र आहे, दोन दिवस बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. त्या प्रवेशात एकच गोष्ट कळायची: कमळ एकटी बाई आहे म्हणून तिचा नंबर मागे ढकलला जातो. ती गोष्ट गेली तर नाटकाचा कणाच जातो. उपाय शेवटी त्यालाच सुचला. कमळच्या हंड्याच्या गळ्याला लाल चिंधी बांधलीय. सगळे झोपलेत, एक माणूस उठतो, चिंधीचा हंडा तिसऱ्या जागेवरून उचलतो, शेवटी नेऊन ठेवतो आणि परत झोपतो. एक शब्द नाही. नऊ सेकंद. पहिल्यांदा बसवलं तेव्हा तालमीच्या खोलीत कुणी हललं नाही.

त्यानंतर रन 37:40 वर आला. उरलेली गळती दोन वाक्यांच्या मधली होती. समोरच्याचं वाक्य संपलं, श्वास घेतला, मग बोललो, असं सगळ्यांचं चाललं होतं. आता समोरच्याच्या शेवटच्या शब्दावर श्वास घ्यायचा आणि तो थांबताक्षणी बोलायचं. बोलण्याचा वेग तोच राहिला, फक्त मधल्या फटी बुजल्या, आणि त्यातून दोन मिनिटांच्या आसपास वाचली.

रिकाम्या खोलीतला आकडा धरून चालू नका. ज्युनियरची पंचवीस मुलं बसवून रन केला तर त्यांच्या हसण्याने दोन मिनिटं दहा सेकंद वाढले. म्हणून खोलीत 36 च्या आत यायचंच, असं ठरवलंय.

तरी त्या दिवशी वेळ गेलाच तर? त्यासाठी सुटा तुकडा ठेवलाय. भिकूची बैलाची गोष्ट, एक मिनिट वीस सेकंदांची. टँकरचा हॉर्न वाजतो तो 22 व्या मिनिटाला वाजला पाहिजे. मिनिटभर उशीर असेल तर विंगेतला मुलगा एक तांब्या आडवा ठेवतो, भिकूला तो दिसतो आणि तो गोष्ट गाळतो. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा फजिती झाली, कारण पुढच्या पात्राचा क्यू गोष्टीच्या शेवटी होता. आता गोष्टीच्या आधीचं वाक्य आणि गोष्टीचं शेवटचं वाक्य एकाच शब्दांवर संपतं, ‘मग नंबर कुणाचा?’. गोष्ट होवो न होवो, पुढच्याला क्यू मिळतो.

हंड्यांचंही सांगतो. स्टीलचा हंडा लाकडी रंगमंचावर टेकला की असा वाजतो की पुढचं वाक्य बुडतं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कड्या कापून आठ हंड्यांच्या बुडाला चिकटवल्या. तीन मुद्दाम तसेच ठेवले, कारण टँकर आल्यावर उडणारा खणखणाट आम्हाला हवाय. स्पॉटचा प्रकाश हंड्यावरून थेट पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जात होता, त्यावर मुलतानी मातीचा पातळ हात दिलाय. मांडायला चार जण, एकच फेरी, खुणांना रेडियमच्या बारीक पट्ट्या.

प्रकाश-नेपथ्य साधं असल्याची कुणाला काळजी वाटत असेल तर पुण्याचा पुरुषोत्तम करंडक आठवा. 1963 पासून तिथे भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावरच आहे. आमची स्पर्धा जिल्ह्याची, पण परीक्षक त्याच परंपरेत वाढलेले असतात.

कालचा रन 35:50. शेवटी पाणी संपतं, सगळे निघून जातात आणि कमळ रिकाम्या हंड्यात वाकून बघते. ती शांतता 14 सेकंदांची आहे. तीही आठवर आणावी असं दोघा-तिघांचं म्हणणं आहे. मी नाही म्हणालो. तिच्यासाठीच तर बाकीचं कापलंय. तिथे आता फक्त एवढंच बघायचंय, की पडद्याच्या दोरीवरचा मुलगा घाबरून दहाव्या सेकंदाला ओढत नाही ना. परवा सभागृहात एक तास मिळालाय, त्यातला अर्धा त्या मुलाबरोबरच घालवणार आहे.