किलोत किती भाकरी?

औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मावशींची ही केस. वय पंचेचाळीसच्या पुढे, शुगर नाही, गोळ्या नाहीत, फक्त वजन आणि गुडघे. दुसरीकडून मिळालेला आहाराचा कागद त्यांच्या पिशवीत होता. दिवसाला १४०० कॅलरी, दोन्ही जेवणांत दोन-दोन भाकरी, एक वाटी भात, एक वाटी वरण. कागदाप्रमाणे सगळं चाललंय, तरी काटा हलत नाही, असं सुनेचं म्हणणं. ती खोटं बोलत नव्हती.

कागदावर एका भाकरीला १०० कॅलरी धरल्या होत्या. एवढ्या कॅलरी साधारण ३० ग्रॅम पिठात असतात, म्हणजे फुलक्याएवढ्या पिठात. आपल्याकडची ज्वारीची भाकरी तेवढ्यात थापून होत नाही. मी सुनेला म्हटलं, पुढच्या वेळी येताना एक किलो पिठात तुमच्या हातच्या किती भाकरी होतात ते मोजून या. स्वयंपाकघरात वजनकाटा नसला तरी गिरणीत असतोच.

"मॅडम, अकराच झाल्या," तिनं सांगितलं.

म्हणजे एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ३४० च्या आसपास कॅलरी धरल्या तर एक भाकरी ३१० ची. दिवसाच्या चार भाकरींचे कागदावर ४०० होते, पोटात १२४० जात होते. ८४० चा फरक असा एकाच जागी सापडला. हिशेब कोरड्या पिठाचाच करायचा, भाजलेली भाकरी तोलायची नाही. ताज्या भाकरीत पाणी असतं आणि कडक झाली की ते उडून जातं. हाताला हलकी लागते, कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात.

वाटीचंही तसंच. माझा हिशेब १५० मिलिच्या वाटीचा, त्यांच्या घरातली २५० ची निघाली. मग लहान वाटी मावशींची म्हणून वेगळी काढली. मोकळा भात त्या वाटीत साधारण १५० कॅलरींचा बसतो. दाबून, शीग लावून भरला तर २०० च्या पुढे जातो.

वरणाला मात्र वाटी पुरत नाही, डाळ किती आणि पाणी किती ते बघावं लागतं. १८० ग्रॅम तुरीच्या डाळीचं सहा वाट्या वरण केलं तर वाटीला ३० ग्रॅम डाळ आणि १०० कॅलरी. पाहुणे आले म्हणून त्याच डाळीचं नऊ वाट्या केलं की वाटीला ७० सुद्धा येत नाहीत. फोडणीचं तेल यात धरलेलं नाही. शिवाय मावशी सगळ्यांच्या शेवटी जेवणार. वरचं पातळ इतरांच्या ताटात गेलेलं, तळाचं घट्ट यांच्या वाट्याला. पळी तळापासून फिरवून वाढा, एवढंच सुनेला सांगितलं.

त्याच १४०० ची वाटणी करताना मी भाकरीपासून सुरुवात करत नाही. जे सुटणार नाही ते आधी बाजूला काढते. एकेक चमचा साखरेचे दोन चहा १००, दिवसभराचं तीन छोटे चमचे तेल १३०, मोठा चमचाभर शेंगदाण्याची चटणी ८०, दोन वाट्या भाजी आणि ताक मिळून १००. उरले ९९० च्या आसपास, ते भाकरी, भात आणि वरणाचे.

त्यात अकराच्या मापाच्या दोन भाकरी बसत होत्या, पण जेवणं तीन. शेतावर जायच्या आधी एक, दुपारी बांधावर, मग रात्री. अर्धी भाकरी कागदावर सोपी वाटते. घरात उरलेली अर्धी टाकवत नाही, शेवटी तीच बाई खाते. म्हणून किलोत सोळा भाकरी करायला सांगितल्या, एक भाकरी २१० ची. सुनेनं आधी तोंड वाकडं केलं, कारण एवढी लहान भाकरी तिला पाहुण्यासमोर ठेवण्यासारखी वाटेना. मग मावशींच्या तेवढ्या वेगळ्या थापायचं ठरलं.

सकाळी एक भाकरी, भाजी, चटणी मिळून ३७०. दुपारी एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, ताक, ३८०. रात्री एक भाकरी, भात, वरण, भाजी, ५४०. चहा धरून १३९०. यात शंभरभर इकडेतिकडे होणारच, घरच्या मापात त्याहून बारीक हिशेब जमत नाही. रात्रीचं जड दिसतं, तरी भात मी तिथंच ठेवला, कारण शेतात डब्यात भाकरीच जाते आणि रात्रीचा भात तोडला की त्या दुसरी भाकरी घेतात हे सुनेनंच सांगितलं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असतं तर अशी वाटणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिली नसती.

जाता जाता सुनेनं धपाट्यांचं विचारलं. भाकरीएवढंच पीठ, म्हणजे ६० ग्रॅमचं एक धपाटं घ्या, पण तव्यावर सोडलेलं तेल चमच्यानं मोजा आणि त्या वेळची भाजी बिनतेलाची करा, नाहीतर चटणी सोडा.