गुलबासाने घालवलेला एक मार्क

बारावीच्या सराव परीक्षेत जीवशास्त्राचा एक प्रश्न तीन मार्कांचा होता: विषमयुग्मजी उंच वाटाण्याचं स्वपरागण केलं, तर पुढच्या पिढीतलं फिनोटाइप गुणोत्तर किती? मी Tt × Tt मांडलं, चौकट काढली. चार खणांत TT, Tt, Tt, tt अगदी बरोबर आले. खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 1:2:1. पेपर हातात आला तर दोनच मार्क.

तणतणतच सरांकडे गेलो. "सर, उलट मी जास्तच सांगितलंय. 1:2:1 मध्ये 3:1 आलंच की!"

सर म्हणाले, "शेताच्या बांधावर उभा राहून यातली TT झाडं कुठली आणि Tt कुठली, ते दाखव मला."

दाखवणार कसं? T प्रभावी असल्यामुळे दोन्ही दिसायला सारखीच उंच. फिनोटाइप म्हणजे जे दिसतं ते: तीन उंच, एक बुटकं. मेंडेलला 787 उंच आणि 277 बुटकी झाडं मिळाली होती, म्हणजे जवळपास 3:1. उंचांपैकी शुद्ध कोणती, हे त्यालाही नुसतं बघून कळलं नाही. त्यासाठी त्याने 100 उंच झाडांचं प्रत्येकी दहा बी पेरलं. 28 झाडांची सगळी संतती उंच निघाली, 72 झाडांच्या संततीत मात्र काही बुटकी निघाली. म्हणजे मी लिहिलेला मधला 2 हा आकडा पुढची पिढी वाढवल्याशिवाय हाती लागतच नाही. प्रश्न मात्र याच पिढीत काय दिसतं, एवढंच विचारत होता.

ते पटलं. पण इतके दिवस हे चुकलं कसं नाही, ते मला कळेना. घरी जाऊन वही उलटून पाहिली, तेव्हा खरा घोटाळा सापडला. आम्ही गुलबासाची उदाहरणं भरपूर सोडवली होती. तिथे प्रभाविता अपूर्ण असते. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी फुलं येतात, आणि त्या गुलाबी झाडांच्या स्वपरागणातून एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं. विषमयुग्मजी झाड रंगावरूनच ओळखू येतं, त्यामुळे जीनोटाइपचं आणि फिनोटाइपचं गुणोत्तर एकच, 1:2:1. चाचणी संकराची गतही तीच: Tt × tt केलं की दोन्ही 1:1. या दोन्हींत मी जीनोटाइप मोजून फिनोटाइपचं उत्तर लिहीत होतो आणि बाईंची बरोबरची खूण मिळवत होतो! वाटाण्यात पूर्ण प्रभाविता आली आणि माझं पितळ उघडं पडलं.

मार्क काही वाढला नाही. आता चौकट काढली की मी प्रत्येक खणात जनुकांच्या खाली 'उंच' किंवा 'बुटकं' असं लिहितो आणि फिनोटाइप विचारला असेल तर तेवढे शब्दच मोजतो. पुढच्या चाचणीत गुलबास आला, तेव्हाही नुसतं 1:2:1 न लिहिता '1 लाल : 2 गुलाबी : 1 पांढरं' असं लिहिलं.